हुबेहूब दुसरा: चेहरा, फोटो आणि चुकलेली ओळख



बिलोली ओलांडून बोधनच्या रस्त्याला लागलं की निजामाबाद, कामारेड्डी करत आपण मेदकला पोहोचतो. निजामाच्या काळात ही सगळी एकाच राज्याची माणसं. आजही बाजारहाट, सोयरिकी, मजुरी यांसाठी जाणं-येणं चालू असतं. त्या मेदकमधला एक पस्तिशीचा मजूर जानेवारी २०२३च्या अखेरीस पोलिसांनी हैदराबादेतून उचलला. मेदकमध्ये सोनसाखळी चोरीची घटना झाली होती. सीसीटीव्हीत चोर दिसत होता, आणि हा मजूर त्या चित्रातल्या माणसासारखा दिसत होता, एवढंच त्याच्याविरुद्ध होतं. काही दिवस कोठडीत ठेवून पोलिसांनी त्याला सोडून दिलं, कारण चोरीशी त्याचा संबंध लागेना. तोवर त्याला इतकी मारहाण झाली होती की तो दवाखान्यात गेला आणि फेब्रुवारीत वारला. तेलंगणा उच्च न्यायालयाने बातमीची स्वतःहून दखल घेतली.

मारहाणीचं मी आज बोलणार नाही. तो गुन्हा आहेच, आणि त्यासाठी वेगळा कायदा आहे. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या क्षणाबद्दल. एका अधिकाऱ्याने पडद्यावरचं चित्र पाहिलं, समोरच्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, हाच. त्याने लबाडी केली असं गृहीत धरू नका. त्याला खरोखर तसं वाटलं असेल. मग प्रश्न असा की रक्ताचं काहीही नातं नसलेली दोन माणसं इतकी सारखी का दिसतात, आणि त्या सारखेपणावर फोटोच्या आधारे बोट ठेवायचं झालं तर चूक नेमकी कुठे शिरते.

सारखेपणाबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक टोक म्हणजे जगात प्रत्येकाचे सात जोडीदार असतात ही आजीची गोष्ट. दुसरं टोक म्हणजे देवाने दोन माणसं सारखी घडवलीच नाहीत, हे पोलीस ठाण्यात ऐकू येणारं वाक्य. गंमत अशी की दोन्ही टोकांना संशोधनाचा आधार मिळतो.

कॅनडातले छायाचित्रकार फ्रान्स्वा ब्रुनेल १९९९पासून जगभर फिरून एकमेकांशी नातं नसलेल्या पण हुबेहूब दिसणाऱ्या माणसांच्या जोड्यांचे कृष्णधवल फोटो काढत आहेत. बार्सिलोनाच्या मानेल एस्तेयर यांच्या गटाने त्यांच्याकडून अशा ३२ जोड्या घेतल्या. आधी तीन वेगवेगळ्या चेहरा-ओळख प्रणालींना हे फोटो दाखवले. तिन्ही प्रणालींनी एकमताने जवळचं ठरवलं ते १६ जोड्यांना. निम्म्यांना. म्हणजे माणसाच्या डोळ्याला हुबेहूब वाटणाऱ्या निम्म्या जोड्यांवर तिन्ही यंत्रांचं एकमत होईना. पुढे सगळ्यांची लाळ घेऊन डीएनए तपासला. त्या १६ जोड्यांपैकी ९ जोड्या जनुकांच्या पातळीवरही एकमेकांच्या जवळ आल्या. चेहऱ्याच्या घडणीशी ज्यांचा संबंध आहे अशा जागांवर त्यांची जनुकीय अक्षरं जुळत होती. पण त्यांच्यात अलीकडच्या पिढ्यांतलं नातं सापडलं नाही. आणि जनुकांच्या वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, तसंच तोंडातले सूक्ष्मजीव, या दोन्ही बाबतींत ते एकमेकांपासून दूर होते. हा अभ्यास ऑगस्ट २०२२ मध्ये 'सेल रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला.

याचा अर्थ असा की चेहरा घडवणाऱ्या जनुकांच्या जागा पुष्कळ असल्या तरी त्या मोजक्या रूपांतच येतात. नाकपुडीची रुंदी, नाकाच्या दांड्याची रुंदी, हनुवटीचं पुढे येणं, या प्रत्येकावर परिणाम करणारी काही जनुकं आता माहीत आहेत. नाकपुड्यांच्या रुंदीशी संबंधित ग्ली-३ किंवा दांड्याशी संबंधित रन्क्स-२ ही त्यातलीच. ही रूपं लोकसंख्येत सतत नव्या जुळण्या घेत असतात. माणसं कोट्यवधी, रूपं मर्यादित. जुळणी कधीतरी पुन्हा येणारच. आणि एकाच भागातल्या, शतकानुशतकं आपसांत सोयरिक करणाऱ्या समूहांमध्ये ती लवकर येते.

आता दुसरं टोक. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या टेगन लुकस यांनी अमेरिकन सैन्याच्या मोजमापांच्या जुन्या संग्रहातल्या जवळपास चार हजार माणसांची आकडेवारी तपासली. डोक्याची आणि चेहऱ्याची आठ मापं घेतली, तर दोन माणसं आठही मापांत तंतोतंत जुळण्याची शक्यता एक लाख कोटींत एकाहूनही कमी निघाली. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, हुबेहूब कुणी नसतंच. पण ते अनुमान मिलिमीटरचं आहे. ओळख परेडीत पंच उभे असतात, साक्षीदार उभा असतो. मोजपट्टी कुणाच्या हातात नसते. साक्षीदाराचा डोळा मिलिमीटर पाहत नाही. तो एक एकूण ठसा पाहतो, आणि त्या ठशाला बसणारी माणसं किती, हा मिलिमीटरपेक्षा फार वेगळा प्रश्न आहे.

त्या ठशाचं काय होतं ते दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. २०११ मध्ये रॉब जेन्किन्स आणि माइक बर्टन यांच्या गटाने नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो निवडले. हे फोटो ब्रिटनमधल्या लोकांपुढे ठेवले, ज्यांना त्या दोघी माहीत नव्हत्या, आणि सांगितलं की एकेका माणसाचे फोटो एकेका गठ्ठ्यात लावा. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. बरोबर उत्तर दोन. लोकांनी केलेले गठ्ठे तीनपासून सोळापर्यंत होते, आणि मधला आकडा साडेसातच्या आसपास होता. मात्र तेच चाळीस फोटो डच लोकांपुढे ठेवले, तेव्हा बहुतेकांनी झटक्यात दोन गठ्ठे केले. फोटो तेच. फरक फक्त चेहरा ओळखीचा असण्याचा.

आपण सगळे चेहरे ओळखण्यात पटाईत आहोत असं प्रत्येकाला वाटतं, कारण आपण आपल्या भावाला दीडशे माणसांच्या लग्नात पाठमोराही ओळखतो. ते कौशल्य ओळखीच्या चेहऱ्यापुरतं असतं. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत आपण मुळात चेहरा ओळखत नसतो, तर त्या एका फोटोशी दुसरा फोटो जुळवत असतो. आणि एकाच माणसाचे दोन फोटो एकमेकांपासून जेवढे दूर जाऊ शकतात, तेवढं दोन माणसांचंही अंतर कधी कधी नसतं.

फोटोचं बिघडतं कसं, हे पोलीस आणि वकील दोघांनीही थोडं समजून घ्यावं असं आहे. मोबाईल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी २०१८ मध्ये गणित करून दाखवलं की एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. सीसीटीव्हीचा कॅमेरा याच्या उलट बाजूने घोळ घालतो. तो दुकानाच्या छताजवळ असतो, त्यामुळे कपाळ मोठं, हनुवटी बारीक आणि नाक लांब दिसतं. रात्री तो अवरक्त प्रकाशावर चालतो, त्यामुळे सावळा रंग कधी उजळ येतो, आणि काळा शर्ट कापडाच्या प्रकारानुसार राखाडी किंवा पांढुरकादेखील दिसू शकतो. भरीस भर, चित्र साठवताना आकुंचित केलेलं असतं. ते मोठं करून पाहिलं की चेहऱ्याच्या जागी वीस-पंचवीस चौकोन दिसतात. डोळ्यांचा आकार, भुवयांची वळणं, हे सगळं मग आपलं मन भरून काढतं, आणि जो माणूस समोर असेल त्याच्या सामानानेच भरून काढतं. समोर मेदकचा मजूर असेल तर मेदकच्या मजुराने.

यात काम करणारे लोक तरबेज असतात, त्यांना हे लागू नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचं एक उदाहरण पुरे. २०१४ मध्ये तिथल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली गेली. समोर जिवंत माणूस, हातात फोटो. फोटो दुसऱ्याचा असताना १४ टक्के वेळा त्यांनी तो समोरच्याचाच मानला. नोकरीची वर्षं वाढली म्हणून चूक कमी झाली नव्हती. आपल्या लातूरच्या परीक्षा केंद्रांवर पर्यवेक्षक प्रवेशपत्रावरचा फोटो आणि बाकावरचा मुलगा यांची सांगड घालतात तेव्हाही हेच चालू असतं, फक्त हॉलमध्ये दोनशे मुलं असतात आणि घड्याळ धावत असतं.

इथवर जे सांगितलं ते डोळ्याचं. आता थोडं गणित, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक गणितातली आहे, आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही.

२०११च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूर जिल्ह्यात सुमारे २४ लाख ५४ हजार लोक होते. एकत्र साधारण ५८ लाख. त्यातले पुरुष निम्मे धरा, २९ लाख. त्यातले वीस ते चाळीस वयाचे एक तृतीयांश धरा, साडेनऊ लाखांच्या आसपास. आता एक कल्पित पण उदार गृहीतक घ्या. समजा एखादा चेहरा असा आहे की एक लाखात एकच माणूस त्याच्याशी इतका जुळतो की साक्षीदाराला तो वेगळा करता येणार नाही. एक लाखात एक, म्हणजे ऐकायला केवढं भारी! पण या दोन जिल्ह्यांतच असे नऊ-दहा जण निघाले. गुन्हेगार त्यांच्याव्यतिरिक्त आणखी एक. म्हणजे केवळ चेहरा जुळला म्हणून कुणाला उचललं तर दहाअकरा जणांतला एक.

आता दोन परिस्थिती पाहा. पहिली: किनवटच्या एका दुकानात चोरी झाली. दुकानदाराच्या सांगण्यावरून, मोबाईलच्या लोकेशनवरून, विकलेल्या मालावरून पोलीस एका माणसापर्यंत पोहोचले, आणि मग सीसीटीव्हीशी त्याचा चेहरा ताडून पाहिला. चेहरा जुळला. हा पुरावा चांगला आहे, कारण आधी दुसऱ्या वाटेने पोहोचलो आणि चेहऱ्याने पुष्टी केली. योगायोगाने पकडलेल्या निष्पाप माणसाचा चेहराही जुळेल याची शक्यता एक लाखात एक. दुसरी: पोलिसांकडे काहीच नाही. फक्त सीसीटीव्हीतलं चित्र आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवलं, अल्बम काढून पाहिले, किंवा यंत्रात टाकून लाखो फोटोंशी ताडलं, आणि सर्वांत जास्त जुळणारा माणूस उचलला. इथे चेहरा जुळणं हा योगायोग राहिला नाही, कारण आपण जुळणारा शोधतच होतो. जेवढा ढीग मोठा, तेवढा हुबेहूब दुसरा सापडण्याची खात्री मोठी. दोन्हीकडे पंचनाम्यात तेच लिहिलं जातं: चेहरा जुळला. वजनात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोर्टापुढे हा फरक आणायचा असेल तर आरोपी आधी सापडला की फोटो आधी जुळला, हा प्रश्न विचारावा लागतो. उलटतपासणीत तो मी फार कमी वेळा ऐकला आहे.

आणि ढिगाची गोष्ट निघालीच आहे तर अल्बमबद्दल बोलू. ठाण्याच्या अल्बममध्ये सगळे जिल्हावासी नसतात. तिथे रेकॉर्डवरचे असतात. मराठवाड्यात या रेकॉर्डवर पारधी, कैकाडी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतली माणसं किती आहेत, हे इथल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला ठाऊक आहे. १८७१च्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा १९५२ मध्ये गेला; पण ढिगाची मांडणी गेली नाही. साक्षीदाराला अशा अल्बममधून निवड करायला लावली की निवडीचा निकाल अल्बम तयार करणाऱ्याने आधीच अर्धा ठरवून ठेवलेला असतो. अल्बमबाहेरचा खरा गुन्हेगार तिथे दिसणारच नाही, आणि त्याच्याशी सर्वांत जास्त मिळताजुळता जो असेल त्याच्यावर बोट जाईल.

इथे महाराष्ट्राचाच एक खटला तपशिलात सांगतो. त्याची फाईल कोणीही वाचू शकतं, त्यामुळे आरोपींची नावं घेण्याची गरज नाही.

जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या शेतातल्या एका झोपडीत रात्री टोळी शिरली. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. या हल्ल्यातून वाचलेल्यांत आई आणि मुलगा होते. तपासाच्या सुरुवातीच्या दिवसांत आईला पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा फोटो अल्बम दाखवला. तिने त्यातली चार माणसं ओळखली. पुढे पोलिसांनी अटक केली ती भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांना. त्या चौघांवर मात्र खटला झाला नाही. सहा जण ओळख परेडीत उभे राहिले, आईने आणि मुलाने त्यांना ओळखलं, पुढे न्यायालयातही ओळखलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

यातल्या एकाचं वय घटनेच्या वेळी अठराच्या आत असल्याचं पुढे ठरलं. आणि मग सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेऊन पुन्हा सुनावणी केली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्यायालयाच्या कारणांमध्ये फोटो अल्बम होता. ज्या साक्षीदाराने आधी अल्बममधून चार माणसांवर बोट ठेवलं, तिनेच नंतर परेडीत वेगळी सहा माणसं ओळखली. मग आधीची ओळख खरी की नंतरची? आणि आधीच्या चौघांचा तपास का झाला नाही? महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि दोषी अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा, असा आदेश निघाला. सोळा वर्षं गेली होती.

मी या निकालातून साक्षीदार खोटं बोलली असा अर्थ काढत नाही. तिचं घर उद्ध्वस्त झालं होतं, ती जखमी होती, अंधार होता, सात-आठ अनोळखी चेहरे होते. अल्बममधल्या चौघांना तिने प्रामाणिकपणे ओळखलं असेल. परेडीतल्या सहांनाही. चूक प्रामाणिक असते म्हणूनच ती उलटतपासणीत फुटत नाही. खोटं बोलणारा गडबडतो. चुकलेला गडबडत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरच तो चेहरा असतो.

तो चेहरा येतो कुठून, यावर एक साधा प्रयोग आहे. गॅरी वेल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नाटकी चोरी घडवून २०० साक्षीदार तयार केले आणि त्यांना सहा-सहा फोटो दाखवले. खरा चोर फोटोंत होता तेव्हा ५४ टक्क्यांनी त्याला निवडलं आणि २१ टक्के म्हणाले, कुणी दिसत नाही. मग चोराचा फोटो काढून टाकला आणि बाकीचे तसेच ठेवले. अपेक्षा अशी की चोरावर बोट ठेवणारे सगळे आता म्हणतील, यात नाही. पण नकार देणाऱ्यांचं प्रमाण २१ वरून ३२ टक्क्यांवरच गेलं. बाकीच्यांनी शिल्लक राहिलेल्यांपैकी सर्वांत मिळताजुळता उचलला. माणसाचं मन प्रत्यक्षात 'हा आहे का' हा प्रश्न विचारत नाही. ते 'यांतला कोण जास्त जवळचा' असा प्रश्न विचारतं, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तराचा चेहरा आठवणीच्या जागी बसवतं. नंतर परेडीत जे उभं राहतं ते आठवणीतलं रात्रीचं दृश्य नसतं. ते फोटोचं स्मरण असतं.

म्हणूनच परेडीआधी संशयिताचा फोटो दाखवणं हे परेडीचा जीव घेणं आहे. न्यायालयांनी अनेकदा तसं म्हटलं आहे. तरी काय घडतं? स्थानिक गुन्हे शाखेने आरोपी पकडला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. आरोपी मध्ये बसलेले, मागे पथक उभं, समोर जप्त केलेला मुद्देमाल मांडलेला. 'मुसक्या आवळल्या' हा मथळा पाठ झालेला आहे. चेहरे झाकलेले असतात, पण नेहमी नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर झाकण उघडं पडतं. फिर्यादी तो फोटो पाहतो, नातेवाईक त्याला दाखवतात, आणि पंधरा दिवसांनी तो परेडीला येतो.

परेड कशी व्हावी याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत मार्गदर्शन आहे, ते फार शहाणं आहे. एका आरोपीबरोबर किमान सहा जण उभे करावेत. दोन आरोपी असतील तर दहा-बारा. हे डमी आरोपीसारख्याच वयाचे, बांध्याचे, पेहरावाचे असावेत. रांगेत कुठे उभं राहायचं ते आरोपीने निवडावं, आणि एका साक्षीदारानंतर दुसऱ्यासाठी जागा बदलता यावी. पोलिसांनी खोलीबाहेर जावं. साक्षीदार एकमेकांना भेटू नयेत. नवा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. जुन्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं कलम ९ आता कलम ७ म्हणून ओळखायचं. पण परेडीचा दर्जा पूर्वीसारखाच: ती स्वतःहून मूळ पुरावा नाही, न्यायालयातल्या ओळखीला आधार देणारी पायरी आहे.

नियमपुस्तिकेतल्या एका शब्दाकडे मात्र लक्ष वेधायचं आहे: सारखे दिसणारे डमी. प्रत्यक्षात डमी कुठून येतात? कारागृहाजवळच्या चहाच्या टपरीवरून, किंवा तुरुंगातलेच इतर कैदी. तीन जण गोरे, दोन टक्कल पडलेले, आणि आरोपी एकटाच सावळा, दाढीवाला. फिर्यादीत लिहिलेलं असतं: वय अंदाजे २५ ते ३०, रंग सावळा, बांधा मध्यम, उंची साडेपाच फूट, अंगात शर्ट-पँट. या वर्णनाने मुखेडच्या बाजारात उभं राहिलात तर निम्मी माणसं आत जातील. पण परेडीत मात्र हेच वर्णन एकाच माणसाला लागू होतं, कारण बाकीचे मुद्दाम नसले तरी निष्काळजीपणाने वेगळे निवडलेले असतात. ज्याने घटना पाहिलीच नाही अशा कुणालाही फिर्याद वाचून दाखवा आणि परेडीचा फोटो दाखवा. त्याने आरोपी ओळखला, तर ती परेड काही सिद्ध करत नाही. वकिलांसाठी ही फार स्वस्त चाचणी आहे. अट एवढीच की परेडीचा फोटो काढलेला असावा, आणि तो बहुतेक वेळा काढलेला नसतो.

साक्षीदार पुष्कळ असले म्हणूनही चूक टळत नाही. लंडनमध्ये अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला १८९६ मध्ये अनेक स्त्रियांनी 'आम्हाला फसवणारा हाच' म्हणून ओळखलं. तो शिक्षा भोगून आला. १९०४ मध्ये पुन्हा ओळखला गेला, पुन्हा दोषी ठरला. मग खरा फसवणारा सापडला. त्या दोघांना शेजारी उभं केल्यावर लोकांना वाटलं, यात एवढं सारखं काय आहे? पण खरी गंमत पुढे आहे. जुन्या नोंदींत खऱ्या गुन्हेगाराच्या शरीराचं वर्णन होतं, आणि त्यात सुंता झाल्याची नोंद होती. बेकची सुंता झालेली नव्हती. एवढी एक खूण सगळ्या ओळखींना खोटं ठरवायला पुरेशी होती. ती तुरुंगाच्या नोंदीत पडून होती, आणि पहिल्या खटल्यात तिचा उपयोग होऊ दिला गेला नाही. इतक्या जणींच्या ओळखीपुढे एका कागदाचं वजन कोणाला वाटलं नाही.

त्याच काळात, १८९७ मध्ये, कोलकात्यात बोटांच्या ठशांचा जगातला पहिला विभाग सुरू झाला; अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी त्याची वर्गवारी तयार केली. चेहऱ्याने दिलेल्या उत्तराला बोटांनी प्रश्न विचारण्याची सोय तेव्हापासून आहे. आज नांदेडात न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, डीएनए तपासणी करता येते. पण दुकानातल्या चोरीत बहुधा बोटांचे ठसे सापडत नाहीत, सोनसाखळी ओढणाऱ्याची लाळ मिळत नाही. अशा ठिकाणी चेहराच उरतो, आणि तोच सर्वांत कच्चा असतो.

सुधारणा फार मोठी नाही, आणि खर्चाची तर नाहीच. अल्बम दाखवायचा असेल तर कोणता अल्बम, किती फोटो, साक्षीदाराने आधी कुणाकडे बोट केलं आणि नंतर ते फिरवलं का, हे सगळं त्याच वेळी लिहून ठेवावं, आणि ज्यांच्यावर बोट ठेवलं गेलं पण आरोपी झाले नाहीत त्यांची नावंही बचाव पक्षाला द्यावीत. फोटो दाखवणाऱ्या हवालदाराला संशयित कोण हे माहीत नसावं, म्हणजे नकळत त्याच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही. साक्षीदाराला सांगावं की गुन्हेगार यात नसूही शकेल. तो निवडल्यावर लगेच, कुणी 'बरोबर' म्हणण्याआधी, त्याला विचारावं की खात्री किती, आणि त्याच्याच शब्दांत ते लिहावं. 'थोडंसं वाटतंय' असं म्हणणारा साक्षीदार दीड वर्षाने कोर्टात 'शंभर टक्के हाच' म्हणतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मधल्या काळात त्याची खात्री वाढली कशी हे दाखवायचं तर पहिल्या दिवसाचे शब्द हवेत. परेडीच्या छापील नमुन्यात त्यासाठी एक रकाना वाढवला तरी भागेल.

आता आपले प्रश्न घेऊ.